मानशीवरचा भोंगा: कंपॅरेटरचे दोन थ्रेशोल्ड कसे बसवले त्याच्या नोंदी

१८ मे

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या एका खाजनात, म्हणजे नदीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीत, मानशीच्या म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या आतल्या बाजूला, पोंयीत, पाणी ठरलेल्या खुणेच्या वर चढलं की भोंगा वाजला पाहिजे. मानशीची लाकडी दारं ओहोटीला आपोआप उघडतात आणि भरतीला नदीच्या पाण्याच्या दाबानेच मिटतात, पण फळ्या झिजल्या किंवा दारात ओंडका अडकला किंवा भर पावसात नेमकी मोठी भरती आली की आत पाणी चढत जातं. कोर्गुट भात खारं पाणी सोसतं हे खरं, पण कोवळं रोप बुडून राहिलं तर तेही हातचं जातं, आणि हे सगळं बहुतेक वेळा रात्री होतं.

मानस सांभाळणारे काका आहेत त्यांनी अट एकच घातली. म्हणाले, "वाजला की मी उठून येतो रे, पण पाणी खुणेपाशी डुलत असताना रात्रभर वाज बंद, वाज बंद असं करायला लागला तर मी वायरच काढून ठेवीन." माझ्या मते पूर्ण डिझाइन या एका वाक्यात आलं, कारण पाणी खुणेपाशी हळूहळू येतं, लाटा मारत येतं, आणि एकच थ्रेशोल्ड ठेवला तर ते वाज बंद होणारच. म्हणून वाजायची पातळी वेगळी आणि थांबायची पातळी वेगळी, म्हणजे हिस्टेरेसिस, आणि ते साध्या कंपॅरेटरवर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या आयसीवर, पॉझिटिव्ह फीडबॅकने करायचं, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग इनपुटला परत देऊन. मायक्रोकंट्रोलर मुद्दाम नको म्हटलं, खाऱ्या हवेत पंपघराच्या कोपऱ्यात पडून राहणारा बोर्ड आहे, सॉकेटमधला आठ पायांचा आयसी उपटून दुसरा घातला की चालू झालं पाहिजे.

२१ मे

सेन्सर बसवला. दहा फेऱ्यांचा १० के चा पॉट, त्याच्या दांड्यावर ३२ मिमी व्यासाची पुली, पुलीवरून दोरी, एका टोकाला फ्लोट आणि दुसऱ्याला वजन. पुलीचा घेर साधारण १० सेमी येतो म्हणून दहा फेऱ्यांत बरोबर एक मीटर पाणी मोजलं जातं. पॉटच्या दोन टोकांना ५ व्होल्ट आणि ग्राउंड, मधल्या पायावर सिग्नल. म्हणजे हिशोब सोपा आहे: १ सेमी पाणी म्हणजे ५० मिलिव्होल्ट.

फ्लोट ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपात उभा आहे, पाइपाला खाली भोकं पाडलीत. भोकं बारीक ठेवली असती तर लाटा पाइपातच मेल्या असत्या आणि सिग्नल एकदम शांत मिळाला असता, पण खाजनातल्या गाळाने आणि कालवांनी बारीक भोकं बुजायला वेळ लागत नाही आणि बुजली की आतलं पाणी बाहेरच्या मागे राहतं, म्हणजे भोंगा उशिरा वाजणार. उशिरा वाजणारा भोंगा हा सगळ्यात वाईट. म्हणून भोकं मोठी, थोड्या लाटा आत येणार, आणि त्या इलेक्ट्रॉनिक्सने सोसायच्या.

मानशीपासून पंपघरापर्यंत ३० मीटर तीन कोरची केबल आहे, अर्ध्या स्क्वेअर मिमीची, साधी, शील्ड नसलेली. पंपाची लाइन त्याच बांधावरून जाते, त्यामुळे ५० हर्ट्झ सिग्नलमध्ये घुसणार हे नक्की होतं.

२४ मे

आज नॉइज मोजला. आधी नॉइज मोजायचा आणि मग रेझिस्टर निवडायचे, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण हिस्टेरेसिस किती पाहिजे हे आयसीवरून ठरत नाही, समोरचा सिग्नल किती हलतो त्यावरून ठरतं. फोंड्याच्या मित्राचा छोटा स्कोप घेऊन संध्याकाळच्या फेरीबोटीने गेलो, संध्याकाळी मुद्दाम, कारण तेव्हा वारा असतो. मल्टिमीटरवर हे काम होत नाही, तो सरासरी दाखवतो आणि सगळं स्थिर आहे असं वाटतं.

स्कोपवर दोन वेगवेगळ्या गोष्टी एकावर एक बसलेल्या दिसल्या. टाइम बेस मोठा ठेवला की लाट दिसते, साधारण दीड सेकंदाला एक, माथ्यापासून तळापर्यंत २२० मिलिव्होल्ट, म्हणजे साडेचार सेमीच्या आसपास. टाइम बेस लहान केला की त्याच रेषेवर ५० हर्ट्झची बारीक दाती दिसते, ६० मिलिव्होल्टची. एकूण मिळून २८० मिलिव्होल्ट.

दोघांना एकच औषध नको. ५० हर्ट्झ लाटेपेक्षा खूप वेगाने हलतं, ते आरसी फिल्टरने जातं: सिग्नलमध्ये १० के आणि मग ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद, त्याने ५० हर्ट्झ तीसेक पटीने खाली येतं, ६० चे २ मिलिव्होल्ट उरतात. लाट मात्र या फिल्टरमधून जवळपास तशीच निघून जाते. लाट मारण्याएवढा मोठा फिल्टर लावता येतो पण मग रेझिस्टर तरी मोठा हवा किंवा कॅपॅसिटर, आणि मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची गळती मोठ्या रेझिस्टरवर पडली की सिग्नल खरा राहत नाही. म्हणून फिल्टर ५० हर्ट्झसाठी, हिस्टेरेसिस लाटेसाठी, असं वाटून टाकलं.

आता रुंदी. लाटेच्या २२० मिलिव्होल्टपेक्षा हिस्टेरेसिस जास्त पाहिजे, नाहीतर एकाच लाटेत सिग्नल वरचा थ्रेशोल्ड पण ओलांडणार आणि खालचा पण. थोडंच जास्त ठेवून चालत नाही, पावसाळी वारा आजच्यापेक्षा जोराचा असणार. दुसऱ्या बाजूने काकांना विचारलं की भोंगा वाजल्यावर पाणी किती उतरलं म्हणजे तुम्ही निवांत व्हाल, तर त्यांनी हाताची चार बोटं आडवी धरून दाखवली आणि वर म्हणाले एवढं तरी उतरू दे. चार बोटं म्हणजे सात आठ सेमी, ३५० ते ४०० मिलिव्होल्ट. दोन्ही बाजू जुळतात. ४०० च्या आसपास धरून चालतो.

२५ मे

कागदावरचा हिशोब. आयसी एलएम३९३, सप्लाय ५ व्होल्ट.

पहिला प्रश्न, सिग्नल कुठल्या पिनला द्यायचा. प्लस पिनला दिला तर फीडबॅकचा रेझिस्टर सिग्नलच्याच पायावर येतो आणि मग थ्रेशोल्डमध्ये सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टन्स मिसळतो, आणि पॉटचा रेझिस्टन्स तर पाण्याबरोबर बदलतो, टोकाला शून्य, मध्यावर अडीच के. म्हणून सिग्नल मायनस पिनला, आणि प्लस पिनवर रेफरन्सचे दोन रेझिस्टर अधिक आउटपुटवरून आलेला फीडबॅक. असं केलं की सेन्सर काहीही असो, थ्रेशोल्ड फक्त माझ्या रेझिस्टरवर अवलंबून. किंमत एकच, आउटपुट उलटं मिळतं, पाणी खाली असताना हाय आणि चढल्यावर लो.

दुसरा प्रश्न, थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा. एलएम३९३ चे इनपुट सप्लायपर्यंत चालत नाहीत, साधारण तापमानात सप्लायच्या दीड व्होल्ट खाली थांबतात आणि पूर्ण तापमानाच्या रेंजमध्ये दोन व्होल्ट खाली. ५ व्होल्टवर म्हणजे ३ व्होल्टच्या वर रेफरन्स न्यायचा नाही. सिग्नल स्वतः ५ व्होल्टपर्यंत गेला तरी चालतं, दुसरी पिन रेंजमध्ये असली की आउटपुट बरोबर राहतं. म्हणून रेफरन्सचा मध्य सरळ २.५ व्होल्टवर ठेवला, दोन्ही रेझिस्टर १० के, आणि काकांची खूण त्या व्होल्टेजवर आणायचं काम दोरीवर सोपवलं: पुलीवर दोरी थोडी सरकवली की शून्य सरकतं. रेझिस्टर बदलत बसण्यापेक्षा दोरी सरकवणं कधीही बरं. पॉट आणि रेफरन्स दोघेही त्याच ५ व्होल्टवर आहेत हे पण सोयीचं, सप्लाय थोडा खालीवर झाला तर दोघेही सारख्याच प्रमाणात हलतात आणि पाण्याची पातळी तीच राहते.

आता फीडबॅक. दोन १० के प्लस पिनवरून बघितले तर ५ के आणि २.५ व्होल्ट असे दिसतात. फीडबॅकचा रेझिस्टर या २.५ ला आउटपुटकडे ओढतो, आउटपुट हाय असेल तर वर आणि लो असेल तर खाली. आउटपुटची झेप ५ व्होल्ट धरली आणि मला त्यातले ०.४ व्होल्ट हवेत, म्हणजे ५ के चा भाग एकूणच्या ८ टक्के पाहिजे, त्यावरून फीडबॅक ५७.५ के येतो, बाजारात मिळतो तो ५६ के. एलएम३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, ते फक्त खाली ओढू शकतं, वर न्यायला पुल-अप लागतो, तो २.२ के. आउटपुट हाय असताना फीडबॅकच्या ओळीत हा पुल-अपही येतो म्हणून तोही धरायचा, आणि लो असताना आउटपुट अगदी शून्यावर येत नाही, ०.२ व्होल्ट उरतो असं धरलं. खाली VH म्हणजे वाजायचा वरचा थ्रेशोल्ड आणि VL म्हणजे थांबायचा खालचा.

```
VH = 2.5 + (5 - 2.5) * 5k / (5k + 56k + 2.2k) = 2.70 V
VL = 2.5 - (2.5 - 0.2) * 5k / (5k + 56k)      = 2.31 V
VH - VL = 0.39 V
```

पाण्यात सांगायचं तर ५४ सेमीला वाजणार आणि ४६ सेमीच्या जरा वर असताना थांबणार. चार बोटं.

रेझिस्टर दहापट मोठे घेतले असते, १०० के, १०० के आणि ५६० के, तरी कागदावर हाच निकाल आला असता आणि बॅटरी थोडी वाचली असती. पण इथे पावसाळ्यात बोर्डावर खारट ओल चढते आणि दोन ट्रॅकमध्ये मेगओमच्या घरातली गळती होऊ शकते. समजा फीडबॅकच्या दोन पायांमध्ये १ मेगओमची गळती झाली. ५६ के चे ५३ के होतात, हिस्टेरेसिस ०.३९ वरून ०.४१, कुणाला कळणार पण नाही. ५६० के असता तर त्याचे ३५९ के झाले असते आणि हिस्टेरेसिस जवळपास ०.५९ वर गेलं असतं, म्हणजे भोंगा थांबायला चार सेमी जास्त पाणी उतरावं लागलं असतं, आणि तेही फक्त ओल असेल त्या दिवशी. असली भुताटकी शोधायला जाम त्रास होतो. किनाऱ्यावर लहान रेझिस्टर घ्यावेत आणि वर वार्निश मारावं, असं माझं ठाम मत आहे.

२८ मे

टेबलावर बोर्ड. सेन्सरच्या जागी ट्रिमर लावला आणि मायनस पिनवर मल्टिमीटर ठेवून हळूहळू फिरवत गेलो.

आधी फीडबॅकचा एक पाय सोडवून ठेवला आणि ५० हर्ट्झची दाती मुद्दाम सिग्नलमध्ये मिसळली, फिल्टर न लावता. थ्रेशोल्डच्या जवळ आल्यावर आउटपुट एकदा बदलत नाही, स्कोपवर पल्सचा दाट झुबका दिसतो, आणि पुढे रिले असेल तर तो टर्रर्र करून आवाजच देतो. हा आवाज ज्याने ऐकला त्याला हिस्टेरेसिस का लागतं ते वेगळं सांगावं लागत नाही. मग तोच पाय परत सोल्डर केला आणि त्याच नॉइजवर आउटपुट एका फटक्यात बदललं, परत यायला ट्रिमर चांगला मागे फिरवावा लागला. वरचा थ्रेशोल्ड २.७१, खालचा २.३०. हिशोबाला धरून.

३० मे

आज रिले जोडला आणि इथे खरी गंमत आहे ती नीट लिहून ठेवतो.

पहिली जोडणी अशी केली की कंपॅरेटरच्या आउटपुटवरून ४.७ के मधून बीसी५४७ चा बेस आणि त्याच्या कलेक्टरवर १२ व्होल्टचा रिले, कॉइलवर उलटा डायोड. पाणी खाली असताना आउटपुट हाय, म्हणजे रिले नेहमी ओढलेला, आणि भोंगा रिलेच्या नॉर्मली क्लोज्ड पायावर. बोर्ड मेला तरी भोंगा वाजतो, हा त्याचा फायदा म्हणून ती निवडली होती.

पुन्हा थ्रेशोल्ड मोजले. खालचा २.३०, तसाच. वरचा २.७१ होता तो २.६० वर आला. एकही रेझिस्टर बदललेला नाही, फक्त आउटपुटला पुढचं काम दिलंय.

कारण बघितलं तर सरळ आहे. ओपन कलेक्टरचं हाय म्हणजे खरं तर आयसीचं हाय नाहीच, ते पुल-अपचं हाय आहे. ट्रान्झिस्टरचा बेस ०.७ व्होल्टवर बसतो आणि ४.७ के मधून करंट ओढतो, तो करंट २.२ के मधून येतो, त्यामुळे आउटपुट ५ व्होल्टला न जाता ३.६ वरच थांबतं. फीडबॅकला मग वर ओढायला अडीच व्होल्ट मिळत नाहीत, सव्वाच्याही खाली मिळतात:

```
Vout (लोडसह) = 0.7 + 4.3 * 4.7k / (4.7k + 2.2k) = 3.63 V
VH = 2.5 + (3.63 - 2.5) * 5k / (5k + 56k + 1.5k)  = 2.59 V
VH - VL = 0.28 V
```

हिस्टेरेसिस ३९० वरून २८० मिलिव्होल्ट. लाट २२० ची आहे, म्हणजे भंगत नाही पण पावसाळी वाऱ्यासाठी जी मोकळी जागा ठेवली होती ती जवळपास गेली, शिवाय भोंगा दोन सेमी आधी वाजणार. आणि याची खूण काय, तर दोन थ्रेशोल्डपैकी एकच सरकतो. रेझिस्टरची व्हॅल्यू चुकली असती तर साधारण दोन्ही हलले असते. फक्त वरचा हलला म्हणजे आउटपुट हाय असतानाच काहीतरी कमी पडतंय, आणि तेव्हा सरळ आउटपुटच्या पायावर मीटर ठेवायचा, ५ च्या जवळपास दिसला नाही तर लोड खातोय. माझ्याकडे तिथे ३.६ दिसले.

पुल-अप लहान करून थोडं सावरता येतं, पण मग आउटपुट लो असताना आयसीने जास्त करंट गिळायचा आणि खालचा ०.२ चा वर सरकतो, एक सांधलं की दुसरं उसवतं. बरा मार्ग आयसीतच आहे: एलएम३९३ मध्ये दोन कंपॅरेटर असतात आणि दुसरा रिकामाच होता.

१ जून

पहिल्या कंपॅरेटरचं आउटपुट आता दुसऱ्याच्या मायनस पिनला जातं, दुसऱ्याच्या प्लस पिनवर दोन रेझिस्टरनी केलेले साधे दीड व्होल्ट. पहिल्याच्या आउटपुटवर आता पुल-अप, फीडबॅक आणि एक इनपुट पिन, जी नॅनोअँपिअरच्या घरातलाच करंट मागते. ट्रान्झिस्टरचा बेस दुसऱ्याच्या आउटपुटवर, त्याला स्वतःचा २.२ के चा पुल-अप. तिथे आउटपुट ५ ऐवजी ३.६ वर थांबलं तर थांबू दे, त्याच्यावरून कुठलाही थ्रेशोल्ड ठरत नाही.

मोजलं, २.७१ आणि २.३०, रिले जोडलेला असताना.

दुसऱ्या कंपॅरेटरने सिग्नल परत उलटतो, म्हणून रिले आता फक्त पाणी चढल्यावर ओढला जातो. यात बॅटरीचा फायदा मोठा आहे, आधीच्या जोडणीत रिलेची कॉइल सतत ३० मिलिअँपिअर खात होती, दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास, आणि ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीला जुलैमध्ये सोलर पॅनल काय देणार, सलग ढगाळ दिवस असतात. बोर्ड मेला तर भोंगा वाजेल हा फायदा मात्र गेला. त्याच्या बदल्यात टेस्टचं बटण लावलं, सिग्नलला ५ व्होल्टकडे ओढणारं, काका आल्यागेल्यावर दाबून बघतील. आणि केबल तुटली तर काय, त्यासाठी बोर्डाच्या टर्मिनलवर सिग्नलपासून ५ व्होल्टला ४७० के लावला. केबल धड असताना त्याच्यामुळे पाण्याचं मोजमाप तीनेक मिमीने सरकतं, ते सोडून दिलं, पण वायर तुटली की सिग्नल वर जातो आणि भोंगा वाजतो. इथे १ मेग पण चालला असता असं वाटतं, पण ओलीची गळती ग्राउंडकडे तेवढीच झाली तर सिग्नल अडीचवर लटकतो आणि वाजतच नाही, ४७० के असला तर ३.४ वर जातो.

५ जून

बोर्ड पंपघरात, भोंगा मानशीजवळच्या खांबावर गावाकडे तोंड करून. दोरी सरकवून काकांची खूण ५४ सेमीवर आणली. रात्रीच्या भरतीला थांबलो, काकांनी एक फळी जरा उचलून धरली आणि पाणी आत घेतलं. खुणेवर आल्यावर भोंगा एकदाच वाजायला लागला, लाटा चालू होत्या तरी मध्ये तुटला नाही. काका खूश.

मग ओहोटी लागली, पाणी उतरायला लागलं आणि ४६ ला थांबायला हवा होता तो भोंगा थांबेना. ४५, ४४, वाजतोच आहे. ४१ च्या जरा वर जाऊन थांबला. टेबलावर दोन्ही थ्रेशोल्ड बरोबर होते, त्यामुळे बोर्डावर संशय घ्यायचं कारण नव्हतं, आणि वाजायची पातळी बरोबर पण थांबायची चुकीची, म्हणजे जे काही होतंय ते भोंगा चालू असतानाच होतंय.

६ जून

सापडलं. दुपारच्या भरतीला परत पाणी घेतलं आणि ओहोटीला पाणी साडेपंचेचाळीसच्या आसपास आल्यावर बोर्डाच्या टर्मिनलवर सिग्नल मोजला, भोंगा वाजत असताना २.५० व्होल्ट. पाण्याप्रमाणे २.२८ असायला हवा. मग भोंग्याचा फ्यूज काढला, आणि मीटर लगेच २.२८ वर आला आणि त्याच क्षणी रिलेही सुटला, कारण २.२८ म्हणजे खालच्या थ्रेशोल्डच्या खाली. पाणी तेच, फक्त भोंगा बंद, आणि सिग्नल २२० मिलिव्होल्टने बदलला.

भोंगा मानशीवर, बॅटरी पंपघरात. भोंग्याच्या प्लसला वेगळी वायर ओढली होती पण परतीचा करंट सेन्सरच्या तीन कोरच्या केबलमधल्या ग्राउंड कोरमधूनच येत होता, वायर वाचवायला इलेक्ट्रिशियनने तसं जोडलं होतं आणि दिसायला त्यात काही वावगं नाही. पण अर्ध्या स्क्वेअर मिमीची तांब्याची तार मीटरला ३४ मिलिओम, ३० मीटरला एक ओम. भोंगा ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे मानशीवरचं ग्राउंड पंपघरातल्या ग्राउंडपेक्षा ०.४ व्होल्ट वर. पॉटचं खालचं टोकच उचललं गेलं, त्यामुळे मधला पायही उचलला जातो, निम्म्याच्या जरा वर, तेच हे २२० मिलिव्होल्ट. उलट हिशोब केला तर थांबायची पातळी ४१.४ सेमी येते, काल जे दिसलं तेच.

यात दिशा बघण्यासारखी आहे. भोंगा वाजला की सिग्नल अजून वर जातो, म्हणजे ही वायर आपण न लावलेला जादा पॉझिटिव्ह फीडबॅक आहे, हिस्टेरेसिस वाढलं, म्हणून वाज बंद झालं नाही, फक्त थांबायला उशीर झाला. हाच करंट उलट जागी पडला असता, म्हणजे भोंग्यामुळे सेन्सरच्या ऐवजी बोर्डाचं ग्राउंड उचललं गेलं असतं, तर भोंगा वाजताच सिग्नल तेवढाच खाली आल्यासारखा दिसला असता, ३९० मधले २२० खाल्ले गेले असते, १७० उरले असते आणि लाट २२० ची आहे. मग काकांनी वायर काढली असती. म्हणून हिस्टेरेसिस असूनही सर्किट टरटरत असेल तर रेझिस्टर वाढवत बसायच्या आधी लोडचा फ्यूज काढून सिग्नल आणि रेफरन्स दोन्ही मोजून बघावेत. लोड काढल्यावर आकडा हलला तर रोग वायरिंगमध्ये आहे.

८ जून

भोंग्याला परतीची वेगळी वायर, १ स्क्वेअर मिमी, थेट बॅटरीच्या मायनसला. सेन्सरच्या ग्राउंड कोरमध्ये आता फक्त पॉटचा अर्धा मिलिअँपिअर. भोंगा चालू आणि बंद करून सिग्नल मोजला, काही मिलिव्होल्टचा फरक, तो सोडून देण्यासारखा.

भरतीला ५४ ला वाजला, ओहोटीला ४६ च्या आसपास थांबला, लाटेमुळे अर्धा सेमी इकडेतिकडे वाचता येतं. पाऊस चालू होता आणि वारा चांगला होता, स्कोप नेता आला नाही पण पाइपाबाहेर दोरीचं वजन केवढं नाचतंय त्यावरून लाट २४ मेपेक्षा मोठी होती, सहा सेमीच्या आसपास, म्हणजे ३०० मिलिव्होल्ट. तरी एकदाच वाजला, एकदाच थांबला. २८० चं हिस्टेरेसिस असतं तर आज टिकलं नसतं.

१४ जून

बोर्डाला वार्निशचे दोन हात मारले, ट्रिमर नाहीच आहे त्यामुळे झाकायला काही उरलं नाही, रेझिस्टर सगळे एक टक्क्याचे मेटल फिल्म. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: १० के, १० के, ५६ के, पुल-अप २.२ के, प्लस पिनवर भोंगा बंद असताना २.७ आणि वाजताना २.३ दिसलं पाहिजे. हे दोन आकडे मल्टिमीटरने कुणालाही बघता येतात, पाणी न हलवता, टेस्टचं बटण दाबून आणि सोडून.

काकांनी विचारलं की वाजायची पातळी अजून दोन बोटं खाली घेता येईल का, रोपं अजून लहान आहेत. दोरी पुलीवर ४ सेमी सरकवली, दोन्ही पातळ्या एकत्र खाली आल्या, मधलं अंतर तेच. रोपं वाढली की ऑगस्टमध्ये परत वर घ्यायची आहे, तेव्हा पाइपाची भोकं पण साफ करायची.